गादीचा वारस

महाराष्ट्रात गादीवरून भाऊबंदकी नवी नाही. पण महाबळेश्वरच्या एका हॉटेलात तीन इंची फोमच्या गादीवरून जी झाली, तिचीही बखर कुणीतरी लिहायला हवी.

आम्ही चौघे मित्र, दोन खोल्या, दोन रात्री. खोलीचे भाडे रात्रीला ४,००० रुपये. निघायच्या सकाळी एकजण मुलाचा हात धरून गाडीपाशी उभा. ‘‘हिची ऑफिसची मीटिंग निघाली रे. याचं काय, कोपऱ्यात पडून राहील.’’ कोपऱ्यात पडून राहणाऱ्याचे वय सात. या मित्राला आपण बापमाणूस म्हणू.

काउंटरवर बापमाणसाने मुलाचे वय पाच सांगितले, कारण पाचपर्यंत फुकट अशी पाटी समोरच होती. रिसेप्शनवरच्या पोराने हुज्जत घातली नाही. त्याने मुलाला चॉकलेट दाखवले. मुलगा हसला. समोरचे दोन दात गायब. ‘‘एक्स्ट्रा बेड लागेल, सर.’’ रात्रीला १,२००.

बेड म्हणतात, पण येते ती गादी. रात्री साडेनऊला जिन्याखालच्या खोलीतून ती दुमडून खांद्यावरून आली आणि फरशीवर पडली. सोबत एक उशी, एक चादर. पांघरूण दोनदा फोन केल्यावर. दोन रात्रींच्या भाड्यात तशी नवी गादी बाजारात मिळाली असती, आणि ती घरी तरी नेता आली असती! त्यात नाश्ताही धरलेला असतो म्हणे. मुलाने दोन सकाळी मिळून अर्धा टोस्ट कुरतडला. गादीवर मात्र तो क्षणभरही झोपला नाही. ‘‘काका, तुम्ही खाली झोपा ना, मला बाबांजवळ झोपायचंय.’’ काका खाली झोपले. महाबळेश्वरची फरशी तीन इंची फोमला जुमानत नाही, हे काकांच्या कमरेला त्याच रात्री कळले.

बिल आले. खोल्यांचे १६,०००, गादीचे २,४००, वर पाच टक्के जीएसटी, एकूण १९,३२०. बापमाणूस म्हणाला, ‘‘भागिले चार. प्रत्येकी ४,८३०. मैत्रीत कसला हिशोब!’’ मैत्रीत हिशोब नको हे वाक्य ज्याच्यामुळे बिल फुगलेले असते त्याच्याच तोंडून का येते, यावर कुणीतरी पीएचडी करावी.

बँकेतला मित्र म्हणाला, गादी बाजूला काढा. मग प्रत्येकी ४,२००, आणि गादीचे कर धरून २,५२० बापमाणसाचे. सरळ होते. पण सरळ गोष्टीवर चार मराठी माणसांचे एकमत होत नाही. दुसरा म्हणाला, डोकी मोजा, पाच. तसे मोजले तर आमच्या वाट्याला ३,८६४ येतात, म्हणजे पोर आले म्हणून आम्हाला माणशी ३३६ रुपयांचा नफा! इतका निर्लज्जपणा मलाही जमेना. बापमाणसाने मग एसटीचे हाफ तिकीट काढले : साडेचार डोकी, प्रत्येकी ४,२९३ रुपये ३३ पैसे. मी म्हटले, हे वरचे ९३ रुपये ३३ पैसे मी कशाबद्दल द्यायचे? तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘‘अरे, पण गादीवर झोपलं कोण?’’

इथे माझा तोल गेला. गादी कोणी वापरली हा प्रश्नच नाही, ती कोणामुळे मागवावी लागली हा आहे. पण वापराप्रमाणेच पैसे घ्यायचे ना? घेऊ. गादी मी वापरली, २,५२० माझे. मग डबल बेडची माझी अर्धी बाजू कोणी वापरली? तुझ्या चिरंजीवांनी, आडवे पसरून, दोन्ही रात्री. तिचे भाडे रात्रीला २,०००, दोन रात्रींचे कर धरून ४,२००. ते तुझ्याकडे. म्हणजे मी भरायचे २,५२० आणि तू ८,४००. मी ४,२०० आधीच भरलेत, तेव्हा १,६८० रुपये तूच मला परत दे. शिवाय मुलगा झोपेत बोलतो, त्याचे मी काही लावलेले नाही. आणि फुकटात झोपवायचेच होते तर काउंटरवर साधे विचारायचे, ‘विदाउट बेड’ किती पडेल म्हणून. बऱ्याच हॉटेलांत तो दर वेगळा आणि कमी असतो. पण विचारायचे तर मुलाचे खरे वय सांगावे लागते, आणि तिथेच आमच्या बापमाणसाचे घोडे पेंड खाते.

हा सगळा हिशोब मी ग्रुपवर टाकला. चार दिवस झाले. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. हिशोबाच्या ॲपमध्ये माझ्या नावावर अजून ६३० रुपये बाकी दिसतात. पुढच्या महिन्यात अलिबाग ठरले आहे. मुलगा येणार आहे.