छत्तीसचा आकडा

प्राचार्यांच्या विहिरी चोरीला गेल्या. एकूण १३६. २००९ साली आपल्या प्रबंधात त्यांनी त्या खोदल्या आणि २०२१ साली एका तरुण संशोधकाने त्या पाण्यासकट उचलल्या. यंत्राने ३८ टक्के साम्य दाखवलं. प्राचार्यांनी तक्रार केली. समिती बसली, चहा झाला.

मी दोन्ही प्रबंध वाचले. वाक्य एकच : 'औरंगाबाद जिल्ह्यातील जालना तालुक्यात मी सायकलवरून फिरून १३६ विहिरी पाहिल्या.' आता जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणजे ही सायकल त्याआधीची. प्राचार्यांचा जन्म १९७४चा. बहुधा तीनचाकी असावी.

मग त्यांच्या मार्गदर्शकांचा १९८८चा प्रबंध काढला. त्यातही तीच सायकल, त्याच १३६ विहिरी. वाक्याखाली गाववार तक्ता. मला काही उद्योग नव्हता म्हणून बेरीज केली. १६३ आली. पुन्हा केली, पुन्हा १६३. टंकलेखकाच्या बोटाखाली त्रेसष्टाचे छत्तीस झाले आणि तक्ता मात्र शाबूत राहिला. तिन्ही प्रबंधांत वर १३६, खाली १६३! विहिरी तिघांनी मोजल्या असत्या, तर चूकही तिघांनी आपापली केली असती. एकच चूक तिघांकडे असेल, तर ती वारसाहक्काने आलेली असते. तीन डॉक्टरेट, तीन तोंडी परीक्षा, आणि ३३ वर्षांत बेरीज कुणी केली नाही.

ग्रंथालयाच्या माळ्यावर १९७४ची सायक्लोस्टाइल पुस्तिका सापडली. बहात्तरच्या दुष्काळानंतर एका प्राथमिक शिक्षकाने केलेली पाहणी. तक्ता तोच, सायकल तीच, आणि वाक्यात १६३. यंत्राला ती कशी दिसणार? कुणी ती त्याच्या पोटात घातलीच नाही. यंत्र जवळ असलेल्यांतलं जुनं दाखवतं, आणि आपण त्यालाच मूळ म्हणतो. म्हणून चोराच्या घरून चोरी झाली की पहिला चोर फिर्यादी होतो!

समितीचा निकाल आला. दहा टक्क्यांच्या वर आणि चाळिसाच्या आत, म्हणजे सहा महिन्यांत सुधारून द्या. सुधारायचं काय, तर वाक्याला अवतरणचिन्हं घाला आणि खाली प्राचार्यांचं नाव लिहा. झालं! अवतरणातला मजकूर साम्यात धरत नाहीत, त्यामुळे तरुण शुद्ध. प्राचार्यांना एक संदर्भ मिळाला, त्यामुळे तेही शुद्ध. उन्हात पायडल मारणारा माणूस तेवढा कायमचा पुसला गेला, तोही नियमाने. या लोकांचे ऋणनिर्देश वाचा एकदा. पाच-पाच पानं! सासरे, साडू, झेरॉक्सवाला, कँटीनचा चहा, सगळ्यांचं ऋण. ज्याच्या पाठीवर बसून पदवी घेतली, तो शेवटच्या ओळीत : 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार.' मास्तर अज्ञातांत.

न राहवून मी ती पुस्तिका तरुणाला नेऊन दिली. त्याने वाकून नमस्कार केला. परवा सुधारित प्रबंध आला. अवतरणचिन्हं नाहीत, प्राचार्यांचं नाव नाही, मास्तरांचंही नाही. विहिरी १६३ केल्या आहेत. सायकल अजून तोच चालवतोय.