पट्टा शाबूत आहे का?

हॉटेलांच्या बाबतीत मित्रमंडळात माझा शब्द अंतिम असायचा. पांढरा रस्सा कुठे खावा, हे विचारायला लोक फोन करायचे आणि मीही मुद्दाम जरा थांबून, जाणत्यासारखं ‘हं’ करून निकाल द्यायचो. आता कन्या दीड वर्षांची आहे आणि हॉटेलात फोन लावून मी एवढंच विचारतो, “बेबी चेअरचा पट्टा शाबूत आहे का?”

नुसतं “बेबी चेअर आहे का?” विचारून भागत नाही. “आहे की साहेब!” हे उत्तर ठरलेलं. ती असतेही, माळ्यावर. खाली येते तेव्हा पट्टा असतो पण बक्कल नसतं. बक्कल असलंच तर दोन पायांमधून येणारा पट्टा नसतो, आणि खरा महत्त्वाचा तोच. कमरेचा कितीही आवळा, मूल खालून सरकतं आणि पट्टा काखेत येतो. शिवाय टेबलाला पाय लावून रेटायची खोड असतेच, त्यात खुर्ची डुगडुगती असली की मागे कलंडते. म्हणून मी आधी रिकामी खुर्ची हलवतो, वाकून बक्कल लावतो, ओढून बघतो. बायको म्हणते, रस्सा चाखतानाही माझा चेहरा एवढा गंभीर नसायचा.

पट्टा नसेल तर भिंतीलगतचा सोफा. कन्या आत, मी बाहेर बांधासारखा. स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र कितीही आग्रह झाला तरी बसायचं नाही. तिथून गरम सांबाराची ये-जा चालते.

मेनूकार्ड मी उघडतच नाही. उडपी हॉटेलात इडली तयार असते, पंजाबी भाजीला ताटकळावं लागतं. टेकता टेकताच इडली सांगायची, आली की मोडून ठेवायची, कारण वरून कोमट लागली तरी आत वाफ असते. दहीभात सांगितलाच तर “फोडणी नको” म्हणायचं, नाहीतर मिरच्या वेचत बसा.

आणि वेळ साडेसहाची. आठला गेलात तर मॅनेजर वहीत नाव लिहून “पाचच मिनिटं” म्हणतो. ती कुठल्याच घड्याळातली नसतात. तेवढ्यात मुलाची भूक संपून झोप सुरू होते.

इतकं सगळं जमवूनही एक गोष्ट राहायची. कन्येला भरवता भरवता बायकोचा डोसा चामट व्हायचा आणि मी समोर बसून माझा कुरकुरीत संपवायचो. तिने कधी तक्रार केली नाही, याचाच मला जास्त त्रास व्हायचा. मग एका साध्याशा हॉटेलात वेटरने आपणहून विचारलं, “ताईंचा डोसा बाळाचं झाल्यावर टाकायला सांगू?”

तिथल्या भिंतींवर ससे रंगवलेले नाहीत, खेळायला कोपरा नाही. तरी मुलांचं हॉटेल म्हणून माझा निकाल त्याच्याच बाजूने. नाव विचारू नका. साडेसहाला तिथे सोफ्याची टेबलं मोजकीच असतात.