हप्तेबहाद्दर

हप्तेबहाद्दर म्हणजे गावातल्या सावकाराला शिव्या घालत दरसाल नवे कर्ज उचलणारा गृहस्थ. तो महाराष्ट्रात कुठेही सापडतो, पण मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावरच्या दुसरबीडमधला नमुना विशेष अस्सल, कारण तो भावाला पक्का असतो. आडत्याने सोयाबीनमध्ये ओल दाखवून क्विंटलमागे पन्नास रुपये कापले, तर तो अर्धा दिवस तिथेच उभा राहून भांडतो. मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर मागून घेतो. हाच गृहस्थ फ्रीज घ्यायला देऊळगाव राजाला किंवा जालन्याला जातो, दुकानावरचा ‘शून्य टक्के व्याज’ हा फलक वाचतो आणि भाव करायचेच विसरतो.

‘आपण एक रुपया व्याज देलं नाही,’ हे त्याचे आवडते वाक्य. कागदोपत्री ते खरेही असते. व्याज हप्त्यात नसते, किमतीत असते. तीस हजारांच्या फ्रीजसाठी फायनान्स कंपनी दुकानदाराला पुरते तीस हजार देत नाही. आपले व्याज आधीच कापून घेऊन उरलेली रक्कम देते. ही कपात कधी फ्रीज बनवणारी कंपनी सोसते, कधी दुकानदार, कधी दोघे मिळून. दुकानदार सोसतो तेव्हा रोखीच्या गिऱ्हाइकाला जी सूट तो सहज देतो, ती हप्तेवाल्याला देऊ शकत नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट लिहिले होते. पण हप्तेबहाद्दर परिपत्रके वाचत नाही, फलक वाचतो.

त्याचा व्यवहार मांडून पाहता येतो. फलकावरचा भाव तीस हजार, हप्ता तीन हजारांचा, महिने दहा. फाइलचा खर्च पाचशे आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590 रुपये. एकूण 30,590. त्याच वेळी शेजारच्या काउंटरवर कोणी विचारतो, ‘शेठ, रोख देलं तर शेवटचे किती?’ आणि तोच फ्रीज साडेसत्तावीस हजारांत उचलतो. फरक 3,090 रुपयांचा.

हा फरक कळलाच, तर हप्तेबहाद्दर म्हणतो, ‘दहाअकरा टक्के म्हंजे काई फार नाई.’ इथे त्याचे गणित फसते. पूर्ण रक्कम त्याच्याकडे दहा महिने राहतच नाही. पहिल्या महिन्यापासून ती परत जाऊ लागते. सरासरी काढली तर ती साडेपाच महिनेच वापरायला मिळते. त्या हिशेबाने व्याज वर्षाला सुमारे 24 टक्के पडते.

त्यातही ‘दोन हप्ते आगाऊ’ या योजनेवर त्याचा फार जीव. सहा हजार काउंटरवरच मोजायचे आणि उरलेले आठ हप्ते आठ महिन्यांत फेडायचे. कर्ज लवकर संपते म्हणून तो खूश. एकूण पैसे तेवढेच, 30,590. पण मुळात त्याच्या हाती आलेले कर्ज आता लहान झाले, मुदतही कमी झाली, आणि गमावलेली सूट मात्र तीच राहिली. वर्षाचा दर 38 टक्क्यांच्या घरात जातो. इतका दर सांगणाऱ्या सावकाराला त्याने पारावरून उठवले असते.

कर्जाच्या कागदावर हा दर शोधूनही सापडत नाही. 1 ऑक्टोबर 2024पासून कर्जाचा सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारे पत्रक ग्राहकाला द्यावेच लागते. पण ते कर्जाचा हिशेब करते, फ्रीजच्या भावाचा नव्हे. साध्या दहा हप्त्यांच्या व्यवहारात त्यावर फाइलच्या खर्चामुळे साडेचार टक्क्यांच्या आतला आकडा दिसेल. बुडालेले अडीच हजार त्यात कुठेच नसतात, कारण ती रक्कम कधी कर्ज म्हणून मोजलेलीच नसते.

दुसरबीडच्या नमुन्याला आणखी एक अडचण असते. हप्ता दर महिन्याला कापला जातो, सोयाबीनचा पैसा मात्र दिवाळीच्या आगेमागे एकदा येतो. जून-जुलैत बी-बियाण्याला पैसे काढून खाते रिकामे झाले की हप्ता परत जातो. मग बँक वेगळा दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा, आणि सिबिलवर डाग पडतो तो निराळाच. पुढे पीककर्जाला गेल्यावर हा फ्रीज पुन्हा समोर येतो.

हप्ता खरोखर फुकट पडल्याची उदाहरणेही आहेत. कपात पूर्णपणे फ्रीज बनवणाऱ्या कंपनीने सोसली, फाइलचा खर्च लावला नाही आणि रोखीलाही दुकानदार रुपया सोडत नसला, तर हप्ते घेणारा शहाणाच. हे ओळखायला हप्त्याचा विषय निघण्याआधी रोखीचा शेवटचा भाव विचारून घ्यावा लागतो. आधी ‘हप्त्यावर पाहिजे’ म्हटले की दोन्ही भाव एकच होतात. रोख जवळ नसेल तर हप्त्याची तुलना इतर कर्जाशी करावी लागते. बँकेतले सोनेतारण साधारणतः 24 टक्क्यांहून बरेच स्वस्त पडते.

हप्तेबहाद्दर यांपैकी काहीच विचारत नाही. नवव्या हप्त्याला त्याच्या मोबाइलवर मंजूर मर्यादा वाढल्याचा मेसेज येतो. तो मेसेज तो बायकोला वाचून दाखवतो आणि वॉशिंग मशीनचा विषय काढतो.