कानाचं मशीन विकणाऱ्या साहेबांना खुले पत्र

साहेब,

तुमचं कोटेशन मिळालं. कागद गुळगुळीत, वर आईचं नाव ठळक, आणि खाली एकच ओळ : जोडीचे 2,60,000, 'खास आजींसाठी' चाळीस टक्के सूट, म्हणजे 1,56,000. एवढ्या मोठ्या रकमेखाली दुसरी एकही ओळ लिहायची गरज तुम्हाला वाटली नाही, याचा मला राग आला आहे. पैसे आईच्या पेन्शनमधून जाणार आहेत.

सर्वांत महागडं मॉडेल का, असं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "चोवीस चॅनल आहेत, ताई. कमी चॅनलमध्ये आजींना शब्द कळणार नाहीत." आईचा ऑडिओग्राम तुमच्या टेबलावरच होता. 500 हर्ट्झला 35 डेसिबल, 1000 ला 45, 2000 ला 55, 4000 ला 65. म्हणजे मध्यम श्रवणदोष. जाड आवाज बरे ऐकू येतात, स, श, त, क निसटतात. वयोमानाने बहुतेकांचं असंच होतं. तुम्ही त्या कागदाकडे पाहिलंही नाही. अमेरिकेतल्या मेंफिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी अशाच, सौम्य ते मध्यम दोष असलेल्या वयस्कर माणसांना साधी आणि महागडी यंत्रं महिना-महिना वापरायला दिली. 2014 साली त्यांनी निष्कर्ष छापला : बोलणं समजण्यात दोन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गोंगाटात सतत बैठका असणाऱ्याला वरची पायरी कदाचित उपयोगी पडेल. आईचा दिवस दोन खोल्या, टीव्ही आणि फोन यांत जातो.

बऱ्याचदा एकाच मालिकेत स्वस्त आणि महाग यंत्राचं बाहेरचं अंग सारखंच असतं. किंमत वाढते ती आतल्या सॉफ्टवेअरच्या सोयींची. दुसऱ्या एका ऑडिओलॉजिस्टने त्याच मालिकेतली खालची पायरी जोडीने 64,000 ला सांगितली आणि वर एक काम करून दाखवलं जे तुमच्याकडे झालंच नाही : कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ नेमका किती आवाज पोचतो ते मोजलं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. आईच्या बाबतीत 4000 च्या आसपास आवाज कमी पडत होता. तो तिथल्या तिथे वाढवला. हे न मोजता लावलेलं दीड लाखाचं यंत्रही अंदाजपंचेच चालतं.

बॅटरीचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत : "रिचार्जेबल घ्या, कटकट नाही." 312 नंबरचा, तपकिरी खुणेचा सेल साधारण आठवडाभर टिकतो. दोन कानांना वर्षाला शंभरावर सेल, म्हणजे सहाच्या सतरा-अठरा पट्ट्या. अडीचशेची पट्टी धरली तर वर्षाला साडेचार हजारांच्या आत. तुमच्या रिचार्जेबलचे जोडीला तीस हजार जास्त, चार्जर वेगळा, आणि आतली लिथियम बॅटरी चार-पाच वर्षांनी थकली की बहुधा यंत्र कंपनीकडेच पाठवायचं. तरीही आईसाठी मी रिचार्जेबलच घेईन, कारण तिची बोटं थरथरतात आणि डाळिंबाच्या दाण्याएवढा तो सेल तिच्या हातून सटकतो. हे कारण तुम्ही तिची बोटं बघून सांगायला हवं होतं.

आणि सर्व्हिसिंग. "लाइफटाइम फ्री" असं तुम्ही म्हणालात, पण काय फ्री ते लिहिलं नाही. कानामागे यंत्र आणि कानात रिसीव्हर, अशा प्रकारात रिसीव्हर मळाने बुजतो, पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने बिघडतो. मळाची जाळी बदलणं किरकोळ. वॉरंटी संपल्यावर नवा रिसीव्हर मात्र हजारोंत जातो. तुमचं यंत्र 'लॉक' असेल, म्हणजे फक्त तुमच्याच साखळीतल्या दुकानात सेट होणार असेल, तर तेही आधी सांगा. उद्या आई भावाकडे नाशिकला गेली तर तिथला ऑडिओलॉजिस्ट हात लावू शकेल का?

ट्रायल म्हणून तुम्ही तिला बंद केबिनमध्ये समोर बसवलंत आणि मोठ्याने विचारलंत, "आजी, ऐकू येतंय?" तिने मान हलवली. तुमचे ओठ दिसत होते, पंखा नव्हता, कुकरची शिट्टी नव्हती. घरी सून ओट्याकडे तोंड करून बोलते. मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी स्वतःचं चावणंही कर्कश वाटतं.

म्हणून तुमच्या लेटरहेडवर हे लिहून पाठवा : यंत्राचं मॉडेल आणि सीरियल नंबर, यंत्र, चार्जर आणि फिटिंग यांची वेगवेगळी किंमत, वॉरंटीत रिसीव्हर धरला आहे की नाही, दुरुस्तीला गेल्यावर बदली यंत्र मिळेल का, घरी तीन आठवडे वापरून न जमल्यास किती रक्कम परत, आणि फिटिंग करणाऱ्याचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. कागद येईपर्यंत चेक माझ्याकडेच आहे.

आईची मुलगी