मागणी अठ्ठावीसची, जागा पंचवीस

जून उजाडला की माध्यमिक शाळेत एका शिक्षकाच्या गळ्यात वेळापत्रक पडते. त्याचे अक्षर चांगले असते, हाच त्याचा गुन्हा.

लगेच मागण्या सुरू होतात. मुख्याध्यापक म्हणतात, “गणिताचे सगळे तास मधल्या सुट्टीआधी हवेत, दुपारी मुलं पेंगतात.” नववी-दहावीच्या चार तुकड्यांना गणित शिकवणाऱ्या बाई एकच. तुकडीला आठवड्याचे सात तास, म्हणजे बाईंचे अठ्ठावीस. सोमवार ते शुक्रवार सुट्टीआधी रोज चार तास होतात आणि शनिवारी सकाळच्या शाळेत पाच. एकूण पंचवीस. उरलेले तीन दुपारी जाणार, हे पहिलीतल्या पोरालाही बोटांवर मोजता येईल. मुख्याध्यापक मात्र म्हणतात, “बघा, काहीतरी जमवा.” (ते स्वतः गणिताचेच पदवीधर असतात.)

जाणता माणूस आधी अडेलतट्टू गोष्टी बसवतो. वर्गशिक्षकाचा पहिला तास हजेरीसाठी ठरलेला. प्रयोगशाळा एकच, आणि विज्ञानाचे जोडतास चौथा-पाचवा असे पडले तर मध्ये सुट्टी येऊन प्रयोग डब्यांत बुडतो. आठवड्यातून दोनच दिवस येणारे चित्रकलेचे सर त्याच दिवशी बसवावे लागतात. भाषांचे तास सर्वांत शेवटी, कारण ते कुठेही मावतात असा समज आहे. भाषाशिक्षकांना हा समज कोणी विचारून केलेला नाही.

मग दुरुस्त्या. नववी अ चे मंगळवारी तिसऱ्या तासाला असलेले गणित सहाव्याला न्यायचे, तर तिथे हिंदी आहे. हिंदीच्या सरांना तिसऱ्याला आणावे, तर ते तेव्हा आठवी ब मध्ये. आठवी ब ला त्या वेळी खेळ द्यावा, तर मैदानावर दहावी आधीच धावते आहे. एक चौकट हलवली की चार वर्ग हलतात.

चूक पकडायची खूण सोपी आहे. वर्ग खाली आणि तास आडवे मांडले, की प्रत्येक उभ्या रकान्यात एका शिक्षकाची आद्याक्षरे एकदाच दिसली पाहिजेत. दुसऱ्यांदा दिसली, तर एका माणसाने दोन वर्गांत उभे राहायचे आहे. तरीही हा रकाना न तपासता तक्ता फलकावर लागतो आणि सोमवारी सकाळी एक वर्ग गुरुजींविना गोंधळ घालतो.

राहिला ऑफ तास. तक्त्यात तो मोकळी चौकट म्हणून दिसतो, पण कोणी रजेवर गेले की पर्यवेक्षकांची वही फिरते आणि त्या चौकटीत बदली तास बसतो. वह्या तपासायच्या कधी, याचे उत्तर वेळापत्रकात नसते, घरी असते.

तेव्हा मुख्याध्यापकांना एक विनंती. सगळे गणित सकाळीच हवे असेल, तर बाईंच्या अठ्ठाविसातले कोणते तीन तास दुपारी चालतील, तेवढे कागदावर लिहून सही करा.