धूळ तीच, पिक्सेल नवे

बनशंकरीतून फिल्म लॅबला ईमेल धाडताना नुसतं ‘हाय रेझोल्यूशन’ लिहू नये. हे शब्द लॅबवाल्यांना फार आवडतात. त्यांचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो. आजीच्या फोटोची जुनी कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करून मला मिळालेल्या फायली १८०० बाय १२०० पिक्सेलच्या होत्या, म्हणजे ६ बाय ४ इंचांच्या फोटोपुरत्या. मला हवी होती १८ बाय १२ इंची प्रिंट. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ५४०० बाय ३६०० लागतात. निगेटिव्ह झटकून त्या मापात पुन्हा स्कॅन करा, असं कळवलं. दुसऱ्याच दिवशी बरोबर त्याच मापाच्या फायली हजर! फक्त आजीच्या नाकावरचा धुळीचा पांढरा तंतू जिथल्या तिथे, तिप्पट जाड होऊन बसलेला. निगेटिव्ह खरंच झटकून पुन्हा स्कॅनरमध्ये गेली असती, तर तो थोडा तरी हलला असता. जुनीच फाईल फुगवली होती.

शिवाय ‘धूळ मशीनच काढतं’ हे लॅबचं आश्वासन. ते काम इन्फ्रारेड किरणांचं. रंगीत निगेटिव्हमधून ते आरपार जातात आणि धुळीपाशी अडतात, म्हणून धूळ ओळखू येते. नेहमीच्या कृष्णधवल निगेटिव्हमध्ये मात्र चित्रच चांदीचं, आणि चांदीही किरण अडवते. मशीनला आजीच धूळ वाटते! तिथे हवेचा पंप, मऊ ब्रश आणि संगणकावर एकेक डाग पुसणारा माणूस लागतो. त्याचे पैसे वेगळे, आणि ते रास्त आहेत.

तेव्हा ईमेलमध्ये स्पष्ट लिहा: फिल्म कृष्णधवल, इन्फ्रारेड बंद, स्कॅन निगेटिव्हवरूनच, लांब बाजू किमान ५४०० पिक्सेल. आणि निगेटिव्ह परत घ्यायला विसरू नका.