टाळीवाला सचिव

कॉलेजच्या संगीत मंडळाचा सचिव वसईत भेटो की विरारला, ओळखायला वेळ लागत नाही. खोलीत शिरला की तो आधी एक टाळी वाजवतो आणि मान तिरकी करून ऐकतो. बँकेत वाजवली तेव्हा वॉचमन दचकून उठला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये वाजवली तेव्हा शिपाई चहा घेऊन आला. समोरासमोरच्या उघड्या भिंती टाळीला झणझणत उत्तर देतात. गाण्यालाही त्या तसंच उत्तर देणार, आणि माईक ते इमानाने टिपणार, हा त्याचा हिशेब.

त्याचं अक्षरवाङ्मय एकच : ‘विषय : ध्वनिमुद्रणासाठी छोटी खोली व किमान साहित्य मिळणेबाबत.’ पहिल्या मसुद्यात महागडा कंडेन्सर माईक होता. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी किंमत पाहून चष्मा काढला. मग सचिवालाच उमजलं की तो माईक गायिकेबरोबर पंखा आणि विरार फास्टही टिपेल. नव्या अर्जात साधा डायनॅमिक माईक आला. तो वीतभर अंतरावरून गायलं की गळा ठळक घेतो, लांबचं फारसं घेत नाही. सोबत स्टँड, कान झाकणारा हेडफोन आणि माईक कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस. कॉम्प्युटर कॉलेजचा जुनाच चालेल, ऑडॅसिटी फुकट मिळतं.

“कँटीनमधले अंड्यांचे ट्रे लावा की भिंतीला,” भाऊसाहेब म्हणाले.

सचिवाने भाऊसाहेबांच्या टेबलापाशी टाळी वाजवली आणि व्याख्यान दिलं. ट्रे आतल्या आवाजाची वरची धार थोडी बोथट करतात, एवढंच. बाहेरून येणारी गाडीची घरघर त्यांना जुमानत नाही. तिला जड भिंत आणि फट नसलेलं दार लागतं. म्हणून खोली रुळांपासून लांबच्या बाजूला हवी.

माणूस वैताग आणतो, यात वाद नाही. पण अर्जाला त्याने एक पेन ड्राइव्ह जोडला होता. त्यात मंडळातल्या एका मुलीची आजी कादोडीत लग्नाचं गाणं म्हणते. रेकॉर्डिंग फोनवरचं. आजी श्वास घ्यायला थांबली की फोन आपणहून आवाज चढवतो आणि कुकरची शिट्टी पुढे येते. दुसरं कडवं त्या शिट्टीखाली गेलं. आजीला ते आता सलग आठवत नाही. अर्जात यावर एकच वाक्य होतं, आणि तेवढंच त्याने टाळी न वाजवता वाचून दाखवलं.

शेरा आला : ‘मागच्या इमारतीतील खोलीत जुन्या उत्तरपत्रिका आहेत. निकाली काढल्यावर विचार करू.’

सचिव खोली पाहून आला. छतापर्यंत गठ्ठे, त्यांच्या कडा वेड्यावाकड्या, आणि टाळी जागच्या जागी विरली. त्याच दिवशी आवक खिडकीवर नवा अर्ज पडला : ‘उत्तरपत्रिका कृपया निकाली काढू नयेत.’ भाऊसाहेबांच्या नोकरीत रद्दी ठेवून घ्यायचा अर्ज पहिल्यांदाच आला होता. कुठल्या फायलीत लावावा, ते अजून शोधताहेत.